एका वेक्टरात न मावलेले वाक्य

२०१४ साली इल्या सुत्स्केवर, ओरिओल व्हिन्याल्स आणि क्वोक ले या गुगलमधल्या तीन संशोधकांनी इंग्रजी वाक्ये उलटी करून नेटवर्कला दिली. शेवटचा शब्द आधी, पहिला शब्द शेवटी. फ्रेंच भाषांतर मात्र सरळच मागितले. भाषांतराचा दर्जा मोजायला ब्ल्यू नावाचे एक शंभरपैकी गुण देणारे माप वापरतात. त्यात त्यांच्या नेटवर्कचे गुण २५.९ वरून ३०.६ वर गेले. नेटवर्कची रचना तीच, विदा तीच, फक्त शब्दांचा क्रम उलटा केलेला.

वाक्य उलटे केल्याने त्यातला अर्थ वाढत नाही. मग गुण का वाढावेत? त्या काळच्या रचनेचे सगळे दुखणे या प्रश्नात आहे, आणि पुढच्या तीन वर्षांत जे घडले तेही याच दुखण्यातून घडले.

रचना अशी होती. रिकरंट नेटवर्क, म्हणजे आरएनएन, वाक्यातला एकेक शब्द वाचते आणि प्रत्येक शब्दानंतर आपली अवस्था बदलते. अवस्था म्हणजे संख्यांची एक ठरावीक लांबीची यादी, एक वेक्टर. शेवटचा शब्द वाचून झाला की जो वेक्टर उरतो, तोच अख्ख्या वाक्याचा सारांश मानायचा. या भागाला एन्कोडर म्हणतात. दुसरे नेटवर्क, डीकोडर, तेवढा सारांश हातात घेऊन दुसऱ्या भाषेतले वाक्य शब्दाशब्दाने लिहिते. मूळ वाक्याकडे परत पाहण्याची सोय त्याला नाही. सुत्स्केवर यांच्या नेटवर्कमध्ये हा सारांश ८००० संख्यांचा होता. वाक्य चार शब्दांचे असो वा चाळीस, जागा तेवढीच.

एन्कोडरने पहिला शब्द वाचल्यानंतर त्या आठवणीवर पुढच्या प्रत्येक शब्दाचा थर चढत जातो. भाषांतराची सुरुवात मात्र बहुधा पहिल्याच शब्दापासून होते. वाक्य उलटे दिले की पहिला शब्द सर्वांत शेवटी वाचला जातो, त्याची आठवण ताजी असते आणि भाषांतराची सुरुवात नीट होते. शिकण्याच्या बाजूनेही तेच: चूक मागे पोचवताना ग्रेडियंटला पन्नास पायऱ्या उतराव्या लागत नाहीत. युक्ती उपयोगी होती, पण तिने दोष दूर केला नाही. दूरचे शब्द विसरले जातात ही अडचण तशीच राहिली. फक्त कुठले शब्द दूर पडणार ते बदलले.

त्याच वर्षी माँट्रियल विद्यापीठात योशुआ बेंजिओ यांच्या प्रयोगशाळेत क्युंगह्युन चो आणि त्यांचे सहकारी याच प्रकारच्या नेटवर्कवर काम करत होते. वाक्य जसे लांबते तसा भाषांतराचा दर्जा झपाट्याने घसरतो, हे त्यांनी मोजून दाखवले. त्या निबंधाच्या लेखकांत दिमित्री बाहदानाउ हे नाव आहे. जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात शिकणारा हा विद्यार्थी माँट्रियलला इंटर्न म्हणून आला होता. अख्खे वाक्य एका वेक्टरात कोंबण्याची कल्पना त्याला पहिल्यापासून पटलेली नव्हती. त्याने पुढे सांगितल्याप्रमाणे, शाळेत इंग्रजी शिकताना केलेले भाषांतराचे धडे त्याला आठवले. भाषांतर करणारा माणूस मूळ वाक्य एकदा वाचून वही मिटत नाही. एक शब्द लिहितो, मूळ वाक्यावर नजर टाकतो, पुढचा शब्द लिहितो, पुन्हा दुसरीकडे नजर टाकतो.

ही नजर नेटवर्कला द्यायची कशी? ‘आता तिसरा शब्द बघ’ अशी थेट निवड करायला लावली तर ग्रेडियंट वाहत नाही, कारण तिसरा की चौथा या निवडीत मधली किंमत नसते. बाहदानाउ, चो आणि बेंजिओ यांनी सप्टेंबर २०१४ मध्ये मांडलेला उपाय साधा आहे. एन्कोडरचा शेवटचाच वेक्टर ठेवायचा नाही. प्रत्येक शब्दाच्या जागी तयार झालेला वेक्टर जपून ठेवायचा. डीकोडरने पुढचा शब्द लिहिण्यापूर्वी एका छोट्या नेटवर्कने प्रत्येक मूळ शब्दाला एक गुण द्यायचा: आत्ता हा शब्द किती कामाचा? हे गुण सॉफ्टमॅक्समधून काढले की त्यांचे भार होतात, सगळे धन आणि बेरीज १. मग त्या भारांनुसार सर्व वेक्टरांची सरासरी काढून डीकोडरला द्यायची. नजर एका शब्दावर ठेवायची सक्ती नाही. ती थोडी इथे, जास्त तिथे अशी वाटली जाते. वाटणी सलग असल्यामुळे ग्रेडियंट आरपार जातो आणि कुठे पाहायचे हेही नेटवर्क उदाहरणांतूनच शिकते. बाहदानाउने या रचनेला आरएनएनसर्च म्हटले होते. अटेन्शन हे नाव निबंधावर शेवटचा हात फिरवताना बेंजिओ यांनी आणले.

निबंधात एक चित्र आहे, ते विद्यार्थ्यांनी निवांत बघावे. ऑगस्ट १९९२ मध्ये युरोपियन इकॉनॉमिक एरियाचा करार झाला, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्याचे फ्रेंच भाषांतर त्यात आहे. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला फ्रेंच, आणि प्रत्येक चौकोनात भार जितका जास्त तितका तो उजळ. बहुतेक वाक्यभर उजळ चौकोन कर्णावर सरळ उतरतात, कारण दोन्ही भाषांचा शब्दक्रम जुळतो. ‘युरोपियन इकॉनॉमिक एरिया’ या तीन शब्दांपाशी मात्र कर्ण मोडतो. फ्रेंचमध्ये क्रम उलटा आहे: आधी ‘झोन’, मग ‘एकोनोमिक’, मग ‘युरोपेएन’. ‘झोन’ लिहिताना नेटवर्कची नजर पुढे उडी मारून ‘एरिया’वर जाते, नंतर एकेक शब्द मागे सरकते आणि तिघे संपले की पुन्हा कर्णावर येते. फ्रेंच व्याकरणाचा हा नियम कोणी लिहून दिला नव्हता. पन्नास शब्दांपर्यंतच्या वाक्यांवर शिकवलेल्या जुन्या रचनेला १७.८२ गुण होते, नव्या रचनेला २६.७५, आणि लांब वाक्यांवरची ती घसरण जवळजवळ थांबली.

आरएनएन मात्र या रचनेत तसेच राहिले होते. अटेन्शन ही त्याला दिलेली जोड होती. आरएनएनचा आणखी एक त्रास म्हणजे पन्नासाव्या शब्दाची अवस्था काढायला एकोणपन्नासाव्याची हवी, तिला अठ्ठेचाळिसाव्याची. हजारो गुणाकार एका वेळी करू शकणारे जीपीयू एका शब्दामागे दुसऱ्याची वाट पाहत बसतात. गुगलमध्ये याकोब उस्कोराइट यांना वाटू लागले की आरएनएन काढूनच टाकावे आणि शब्दांनी एकमेकांकडे थेट पाहावे. २०१६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह दोन वाक्यांच्या अर्थाची तुलना करण्याच्या छोट्या कामावर रिकरंट नेटवर्कशिवायचे अटेन्शन वापरून पाहिले होते आणि ते चालले होते. पण भाषांतरासारखे मोठे काम त्यावर पेलेल यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. भाषासंगणनातले नामवंत अभ्यासक असलेले त्यांचे वडील हान्स उस्कोराइट यांचेही याबाबतीत मुलाशी एकमत नव्हते.

१२ जून २०१७ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘अटेन्शन इज ऑल यू नीड’ या निबंधावर आठ नावे आहेत आणि सर्वांचे योगदान समान, नावांचा क्रम यादृच्छिक, अशी तळटीप आहे. ती पुढे कोणी काय केले तेही सांगते. आरएनएनऐवजी अटेन्शन हा प्रस्ताव उस्कोराइट यांचा. आशीष वासवानी आणि इलिया पोलोसुखिन यांनी पहिली मॉडेले रचून चालवली. नोआम शझीर यांनी पुढे ज्याचा खुलासा येईल तो भागाकार आणि अनेक ‘हेड’ची कल्पना दिली. निकी परमार यांनी मॉडेलची असंख्य रूपे रचून, चालवून, तपासून पाहिली. पुण्याच्या पीआयसीटीमध्ये संगणकाचे शिक्षण घेऊन त्या अमेरिकेत गेल्या होत्या. पुण्यातल्या ज्या मुलांना आज हा विषय अभ्यासक्रमात आहे, त्यांना हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. आणि ‘असंख्य रूपे तपासली’ हे काम दुय्यम समजू नये. कुठला भाग काढला तर किती गुण पडतात, हे तपासल्याशिवाय ही रचना नुसती कल्पना राहिली असती.

आता रचनेच्या आत जाऊ. हे वाक्य घ्या: ‘आईने आंबा काल संध्याकाळी मंडईतून…’ पुढचा शब्द कोणता? मराठी बोलणारा क्षणात म्हणेल, ‘आणला’. ‘आणली’ का नाही? आणणारी तर आई आहे, आणि संध्याकाळ व मंडई हे जवळचे शब्दही स्त्रीलिंगी आहेत. पण ‘आईने’ असा कर्ता आला की क्रियापद कर्माच्या मागे जाते, आणि कर्म आहे आंबा. आंब्याच्या जागी भाजी ठेवा, बाकी काहीही न बदलता क्रियापद ‘आणली’ होते. म्हणजे शेवटच्या जागी उभे राहून मागच्या पाच शब्दांपैकी नेमका एक शोधायचा आहे, आणि तो सर्वांत जवळचा नाही.

या निबंधातल्या रचनेचे नाव ट्रान्सफॉर्मर. तिच्यात प्रत्येक शब्दाच्या वेक्टरपासून तीन नवे वेक्टर काढतात. क्वेरी म्हणजे हा शब्द मागे काय शोधतो आहे. की म्हणजे तो शोधणाऱ्याला आपली कोणती ओळख दाखवतो. व्हॅल्यू म्हणजे निवडला गेला तर तो काय देतो. तिन्हींसाठी तीन वेगळे मॅट्रिक्स असतात आणि ते प्रशिक्षणात शिकले जातात. इथे विद्यार्थ्यांचा हमखास घोटाळा होतो. या मॅट्रिक्समधल्या संख्या म्हणजे तुम्हाला माहीत असलेली नेटवर्कची वेट्स. प्रशिक्षण संपले की त्या स्थिर होतात. अटेन्शनचे भार मात्र कुठेही साठवलेले नसतात. दर वाक्याला, दर शब्दाला ते नव्याने मोजले जातात. साध्या नेटवर्कमध्ये तिसऱ्या इनपुटचे महत्त्व कायमचे ठरलेले असते. इथे तिसऱ्या शब्दाचे महत्त्व तो शब्द काय आहे आणि विचारणारा कोण आहे यावर ठरते.

पुढचा शब्द ‘मंडईतून’च्या जागेवरून ओळखायचा आहे, म्हणून क्वेरी तिथली. तिचा प्रत्येक शब्दाच्या कीशी डॉट गुणाकार करायचा. समजावण्यापुरते सोपे आकडे घेऊ: आंबा २४, आईने ८, मंडईतून ८, काल ०, संध्याकाळी ०. हे थेट सॉफ्टमॅक्समध्ये घातले तर आंब्याचा भार आईच्या भाराच्या e च्या सोळाव्या घाताइतका, म्हणजे जवळजवळ नव्वद लाख पट होईल. सगळी नजर एका शब्दावर खिळेल. उत्तर योगायोगाने बरोबर असेल तर ठीक; चुकीच्या शब्दावर खिळली असेल तर ती हलवायला लागणारा ग्रेडियंट जवळजवळ शून्य असेल आणि नेटवर्क शिकणार नाही. वेक्टर लांब असला की डॉट गुणाकार असेच फुगतात. म्हणून गुणांना वेक्टरच्या लांबीच्या वर्गमुळाने भागायचे. मूळ निबंधात की ६४ संख्यांची होती, वर्गमूळ ८. भागल्यावर आपले गुण होतात ३, १, १, ०, ०. सॉफ्टमॅक्सनंतर आंब्याला सुमारे ७३ टक्के भार, आई आणि मंडई यांना प्रत्येकी १० टक्के, काल आणि संध्याकाळ यांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हाच तो शझीर यांचा भागाकार. सगळे एका ओळीत मावते:

```
Attention(Q, K, V) = softmax(QKᵀ / √d_k) V
```

आता व्हॅल्यू. त्यातली एकच संख्या पाहू आणि मानू की ती लिंग सांगते: पुल्लिंगी +१, स्त्रीलिंगी −१, बाकीचे ०. आंब्याचे ०.७३, त्यातून आई, मंडई आणि संध्याकाळ यांचे मिळून साधारण ०.२३ वजा, उरले जवळपास +०.५०. हे ‘ला’च्या बाजूचे मत. आंब्याऐवजी भाजी असती तर बेरीज −०.९६ झाली असती आणि मत ‘ली’च्या बाजूने गेले असते. खऱ्या मॉडेलमध्ये लिंगासाठी अशी एक नेमलेली जागा नसते, माहिती अनेक संख्यांत पसरलेली असते. शब्दही बहुधा तुकड्यांत येतात, ‘आण’ वेगळा आणि ‘ला’ वेगळा. पण हिशोब याच जातीचा.

एक शंका मात्र इथे यायलाच हवी. ‘मंडईतून’ या शब्दाला काय ठाऊक की कर्म शोधायचे आहे? पहिल्या थरात ठाऊक नसतेच. तिथे त्याचा वेक्टर जवळजवळ फक्त मंडईबद्दलच बोलतो. खालच्या एखाद्या थरात त्याने ‘आईने’मधला ‘ने’ पाहिलेला असतो आणि ती खूण त्याच्या वेक्टरमध्ये मिळवली गेलेली असते. वरच्या थरात तोच वेक्टर अधिक जाणता होऊन वेगळी क्वेरी विचारतो. म्हणून थरांवर थर लागतात. मूळ निबंधात एन्कोडरचे सहा होते आणि डीकोडरचे सहा. प्रत्येक थरात अटेन्शननंतर एक साधे फीडफॉरवर्ड नेटवर्कही असते, तुम्हाला ओळखीचे. ते प्रत्येक जागेवर स्वतंत्रपणे चालते. शब्दांमध्ये देवाणघेवाण फक्त अटेन्शनमधून होते.

अनेक हेड का, तेही याच वाक्यात दिसते. क्रियापद ओळखायला लिंग पुरत नाही, काळही लागतो, आणि त्याची खूण ‘काल’मध्ये आहे. एकाच नजरेने आंबा आणि काल दोन्ही पाहायचे तर भार वाटावा लागेल आणि सरासरीत दोन्ही फिके पडतील. म्हणून ५१२ संख्यांच्या वेक्टरमधून ६४-६४ संख्यांच्या आठ स्वतंत्र नजरा काढल्या. एक कर्माकडे पाहील, दुसरी काळाकडे. कोणी काय पाहायचे हे कोणी नेमून देत नाही, आणि प्रत्येक हेडचे काम असे स्वच्छ ओळखता येतेच असेही नाही.

आरएनएन काढून टाकल्यावर एक गोष्ट हातची गेली. ‘फक्त आईने आंबा आणला’ आणि ‘आईने फक्त आंबा आणला’, शब्द तेच, अर्थ वेगळा. भारित बेरजेला क्रम कळत नाही. शब्दांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच येते. आरएनएनमध्ये क्रम आपोआप होता, इथे तो बाहेरून द्यावा लागला. प्रत्येक जागेसाठी साइन आणि कोसाइन लहरींपासून एक वेक्टर बनवून तो शब्दाच्या वेक्टरमध्ये मिळवला.

बदल्यात जे मिळाले ते मोठे होते. पहिला आणि पन्नासावा शब्द यांच्यात आता एकाच पायरीचे अंतर. शिकवताना सगळ्या जागांचे गुणाकार एकाच वेळी. मूळ निबंधातले लहान मॉडेल आठ जीपीयूंवर बारा तासांत शिकले, मोठे साडेतीन दिवसांत. इंग्रजी ते जर्मन भाषांतरात मोठ्या मॉडेलला २८.४ गुण मिळाले, तोवरच्या कोणत्याही मॉडेलपेक्षा दोनहून अधिक गुणांनी जास्त.

तरीही ते भाषांतराचे यंत्र होते. त्याचा एन्कोडर पूर्ण वाक्य एकदम पाहत होता, पुढचे शब्दही. डीकोडरला मात्र झाकण घातलेले होते: शिकवताना पुढच्या शब्दांचे गुण उणे अनंत करायचे, म्हणजे सॉफ्टमॅक्सनंतर त्यांचा भार शून्य होतो. नाहीतर ‘आणला’ ओळखायला शिकताना मॉडेल सरळ ‘आणला’ वाचून नक्कल करेल. जून २०१८ मध्ये ओपनएआयच्या ॲलेक रॅडफर्ड यांनी आणि सहकाऱ्यांनी हा झाकणवाला डीकोडर तेवढा ठेवला, बारा थरांचा, आणि पुस्तकांच्या मजकुरावर त्याला पुढचा शब्द ओळखायला लावले. हे पहिले जीपीटी. वरचे आंब्याचे उदाहरण याच प्रकारच्या मॉडेलचे आहे.

या सगळ्याची किंमत गुणांच्या तक्त्यात मोजावी लागते. प्रत्येक जागेचा प्रत्येक जागेशी गुण, म्हणून ५१२ तुकड्यांच्या मजकुराला एका हेडमागे ५१२ गुणिले ५१२, सुमारे दोन लाख बासष्ट हजार चौकोन. मजकूर दुप्पट, तर चौकोन चौपट. झाकणामुळे निम्मे रिकामे राहतात, पण वाढीचा दर तोच. लिहिताना तर अजूनही एकेक शब्दच निघतो, कारण पुढची क्वेरी आधीचा शब्द ठरल्याशिवाय तयार होत नाही; एकाच वेळी सगळे करण्याचा फायदा शिकवण्यापुरता.

दुसरी मर्यादा बाहदानाउंच्या त्या सुंदर चित्राशी निगडित आहे. उजळ चौकोन पाहून ‘मॉडेलने या शब्दामुळे हे उत्तर दिले’ असे म्हणण्याचा मोह होतो. २०१९ मध्ये सार्थक जैन आणि बायरन वॉलेस यांनी दाखवले की अनेक मॉडेलांत भारांची वाटणी पूर्ण बदलली तरी उत्तर जवळपास तेच ठेवता येते. त्यांच्या निष्कर्षाला लगेच आव्हानही दिले गेले आणि वाद अजून मिटलेला नाही. पण कारण समजण्यासारखे आहे: भार म्हणजे किती घेतले, त्या व्हॅल्यूमध्ये काय होते ते नव्हे, आणि वरच्या थरात ‘आंबा’च्या जागेवर जो वेक्टर असतो त्यात त्याआधीचा ‘आईने’ केव्हाच मिसळलेला असतो. म्हणून एखाद्या मॉडेलने कर्म खरेच पाहिले का हे तपासायचे असेल तर नुसते उजळ चौकोन मोजू नयेत. वाक्यात आंब्याच्या जागी भाजी ठेवावी, मग पुस्तक, मग आंबे, आणि ‘आणला’, ‘आणली’, ‘आणले’ यांच्या संभाव्यता प्रत्येक वेळी कशा हलतात ते पाहावे. मग आंबा तसाच ठेवून मंडईच्या जागी बाजार घालावा. मंडई बदलल्यावर ‘आणला’ची संभाव्यता ढळली, तर मॉडेल अजून जवळच्या शब्दाच्या लिंगावर चालले आहे.